साखरपुड्यातला रिकामा पाऊण तास

साखरपुड्याचा क्रम ठरवायला बसलं की वडीलधारी मंडळी एकच यादी सांगतात: गणपतीपूजन, ओटी, साडी, अंगठी, फोटो, जेवण. दोन्ही घरांच्या ओळखीला त्यात जागा नसते. विचारलं तर ‘जेवताना होतात की आपोआप’ असं उत्तर येतं. मला ते अजिबात पटत नाही. बुफेचं ताट हातात आलं की माणूस आपल्याच माणसांचं कोंडाळं शोधतो. पंगत असेल तर मुलाकडचे बसतात आणि मुलीकडचे वाढत राहतात. ज्यांची ओळख व्हायलाच हवी, ते लांबून आलेले आजी-आजोबा हात धुऊन निघूनही जातात.

चारकोपमध्ये हे उघड्यावर दिसतं. ऐंशीच्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने इथली वसाहत वसवली, ती चौकाभोवती लहान घरं आणि त्यांची एक सोसायटी अशा रचनेची. घरचं कार्य चौकात मांडव घालून करण्याची सोय त्यामुळे आपसूक झाली. अशाच एका चौकातला साखरपुडा. मुलाकडचे मुलुंडहून निघाले, दादरला गाडी बदलून कांदिवलीला उतरले आणि रिक्षा मिळतील तसे तीन तुकड्यांत पोहोचले. खुर्च्या डावीकडे त्यांच्या, उजवीकडे यांच्या, मध्ये वाट. साडेअकराला मुलाच्या आईने खण-नारळाने मुलीची ओटी भरली, साडी दिली आणि मुलगी ती नेसायला आत गेली. निऱ्या, पिना, गजरा, दागिने, यात पाऊण तास गेला. तोवर पाटावर मुलगा एकटा, गुरुजी स्वस्थ बसलेले, मुलीची आई आत, वडील केटररपाशी आणि दोन्ही बाजू मोबाइलमध्ये. अवघडलेपण आलं ते इथे.

नव्या विचाराचे म्हणतात, ही पोकळीच काढून टाका. ब्लाउज शिवायचा म्हणून साडी आधीच मुलीकडे पोहोचलेली असते, मग तीच नेसून मुलीने यावं. तर्क चुकीचा नाही, वेळही वाचतो. पण सासूने दिलेली साडी नेसून मुलगी बाहेर येते, तेव्हा दोन्हीकडच्या बायका एकदमच माना वळवतात. रंग खुलला का, काठ कसा दिसतो, यावर त्यांचं पहिलं बोलणं सुरू होतं. म्हणून पाऊण तास काढू नये, भरावा.

तो भरायला कुणीतरी माइक घेतं: ‘हे मुलाचे मोठे काका, या धाकट्या मावशी...’ प्रत्येकाने उठायचं, हात जोडायचे, बसायचं. पाच मिनिटांत तीस नावं कानावरून जातात आणि एकही लक्षात राहत नाही. उठलेला माणूस मात्र अनोळखी नजरांपुढे एकटा पडतो. ही ओळख नव्हे, हजेरी झाली.

पंजाबी लग्नातल्या मिलनीत नात्याला नातं भेटवतात, मामाला मामा, काकाला काका. आपल्याकडे व्याहीभेट आहेच, ती दोन बापांपुरती न ठेवता याच वेळेत आणावी. मामाला मामा भेटला की बोलायला विषय शोधावा लागत नाही, दोघांच्याही डोक्यावर भाचराच्या लग्नाची तीच कामं असतात. भेट झाली की त्या दोघांना शेजारी बसवून नाश्ता तिथेच द्यावा. म्हणजे आल्या आल्या फक्त पाणी, चहा आणि तळमजल्यावरच्या एखाद्या घरातलं बाथरूम. बटाटेवडा आणि पियुष मुलगी आत गेल्यावर. मधली वाट मोडून खुर्च्या चार-पाचांच्या घोळक्याने मांडाव्यात. आठ-दहा जोड्या पुरतात, बाकीचे त्यांच्याभोवती जमतात.

‘विधीत खोळंबा नको,’ हा आक्षेप इथे टिकत नाही. विधी तेव्हा थांबलेलाच असतो आणि मुलगी तयार झाली की गुरुजी पुढचं सुरू करतात. अंगठीला एक मिनिटही उशीर होत नाही. खरी उणीव वेगळी आहे: या भेटींत मुलगी स्वतः नसते. म्हणून अंगठ्या झाल्यावर फोटोग्राफरच्या हाती जाण्याआधी मुलाच्या बहिणीने तिला या घोळक्यांतून फिरवून आणावं.

जोड्या जुळवणारी माणसं दोन हवीत, एकेका घरातलं एक. स्थळ सुचवणारा मध्यस्थ असेल तर उत्तम. प्रेमविवाहात दोघांची भावंडं हे करू शकतात. आईवडिलांवर मात्र हे काम टाकू नये, त्यांना त्या वेळी श्वास घ्यायलाही उसंत नसते. या दोघांनी आदल्या रात्री फोनवर यादी पक्की करावी. मुलाचे वडील हयात नसतील तर त्यांच्या जागी काका उभे राहणार की आई, हे त्या घरालाच विचारून तेव्हाच ठरवावं. आई म्हणाली, मी उभी राहीन, तर मुलीच्या वडिलांच्या हातचा नारळ तिलाच द्यावा, दिराला नाही.