मलंगगडावर २०२७ची माघी पौर्णिमा रमजानमध्ये; वेळापत्रक आत्ताच कागदावर यायला हवं

अंबरनाथ तालुक्यातला मलंगगड दोन नावांनी ओळखला जातो. एका बाजूचे लोक त्याला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात, दुसऱ्या बाजूचे हाजी मलंग बाबांचा दर्गा. वहिवाट केतकर घराण्याकडे आणि पौर्णिमेला आरती. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने इथल्या वहिवाटीच्या खटल्यात सांगितलं, की हे मिश्र स्वरूपाचं स्थान आहे, ते नुसत्या हिंदू किंवा मुस्लिम कायद्याने चालत नाही, तिथल्या प्रथेने किंवा विश्वस्त व्यवस्थेच्या सर्वसाधारण कायद्याने चालतं. म्हणजे इथे प्रथेला वजन आहे. पण वेळांच्या बाबतीत ही प्रथा तोंडी ठेवून भागत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून प्रांत कार्यालयात एक निवेदन द्यावं असं मला वाटतं. मालकी कुणाची हा वाद त्यात घेऊच नये. फक्त वेळा.

अडचण पंचांगाची आहे. दोन्हीकडचे महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे आपली पौर्णिमा हिजरी महिन्याच्या तेरा ते पंधरा तारखेच्या आसपासच येणार. शब-ए-बारात शाबान महिन्याच्या पंधराव्याची रात्र. म्हणजे दर वर्षी एखादी पौर्णिमा तिच्या शेजारी पडतेच. २८ मार्च २०२१ला होळी पौर्णिमा आणि शब-ए-बारात एकाच रात्री होती. त्याच रात्री गडावर आरतीच्या वेळी घोषणाबाजी झाली, गुन्हे दाखल झाले. कारण काय ते तपास आणि कोर्ट बघेल. पण तारखा जुळणार हे कॅलेंडरवर आधीच दिसत होतं.

२०२४, २०२५ आणि २०२६ ही तीन वर्षं माघी पौर्णिमा शब-ए-बारातच्या एक-दोन दिवस आधी आली. पुढे चित्र बदलतं. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आला (अधिक महिन्याचा हिशेब आपल्या शेतकऱ्यांना कुणी शिकवायला नको), आणि माघ एक महिना पुढे सरकला. हिजरी वर्षात असा जादा महिना नसतो. म्हणून २० फेब्रुवारी २०२७ची माघी पौर्णिमा थेट रमजानमध्ये पडते. १० फेब्रुवारी २०२८चीही तशीच.

आता ती संध्याकाळ घड्याळावर मांडून बघा. त्या दिवशी आपल्याकडे सूर्यास्त साधारण पावणेसातच्या सुमाराला. रोजा सुटणार, मगरिबची नमाज होणार, सव्वासात वाजतील. आठच्या आसपास इशाची अजान, मागोमाग तरावीह, म्हणजे दीड-दोन तास गेले. मधे उरतात जेमतेम चाळीस मिनिटं. आरती त्यात बसवायची, की सूर्यास्ताआधी उरकायची, की तरावीहनंतर घ्यायची? रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम दोघांनाही लागू. यातला कुठलाही पर्याय चालेल, पण तो दोघांनी आधी निवडलेला हवा. त्या दिवशी गडाच्या पायऱ्यांवर गर्दी चढलेली असताना पोलिसाने निवडायचा नाही.

नुसत्या वारांची वाटणी करून काय होतं ते मध्य प्रदेशात धारला दिसलं. भोजशाळेत २००३च्या आदेशाने मंगळवारी पूजा आणि शुक्रवारी दुपारी एक ते तीन नमाज ठरली. वसंत पंचमीला पूजा होतीच. पण पंचमीच शुक्रवारी आली तर? २००६, २०१३ आणि २०१६ला ती शुक्रवारीच आली, आणि तिन्ही वेळा बंदोबस्तात दिवस काढावा लागला. रोजचा दिवस सांभाळणं सोपं असतं, कागद लागतो तो दोन दिवस एकत्र आले की.

म्हणून मलंगगडाच्या निवेदनात पुढच्या पाच वर्षांचा तक्ता हवा. प्रत्येक पौर्णिमेसमोर हिजरी तारीख लिहायची. चंद्रदर्शनाने ती एक दिवस मागेपुढे होते, तेव्हा दोन्ही शक्यतांच्या वेळा द्यायच्या. सुरू होण्याची वेळ सगळे लिहितात, संपण्याची कुणी लिहीत नाही, आणि भांडण तिथेच होतं. संपल्यावर जागा रिकामी करायला पंधरा मिनिटं मोकळी ठेवायची. उशीर ज्याच्याकडून होईल त्याने तो आपल्याच वेळेतून कापायचा, समोरच्याच्या नाही. एक वर्ष आधी आरती असेल तर पुढच्या वर्षी नमाजीनंतर, अशी पाळी लावता येईल का हेही विचारून बघावं; नमाजीच्या वेळा सूर्यावर बांधलेल्या असल्याने ते दर वेळी जमणार नाही, हे आरतीवाल्यांना मोकळेपणाने सांगावं लागेल. त्याच्या बदल्यात आरती चालू असेपर्यंत पूर्ण शांतता, हे दुसऱ्या बाजूने सहीनिशी द्यावं.

नावाचा प्रश्न छोटा वाटतो, पण पहिली बैठक त्यावरच मोडू शकते. ‘मलंगगड’ लिहायचं की ‘हाजी मलंग’? दोन्ही लिहा, एका प्रतीवर एक आधी, दुसऱ्या प्रतीवर दुसरं. आणि शेवटी एक ओळ टाका: या वेळापत्रकाने कुणाचाही हक्क सिद्ध होत नाही की बुडत नाही, कोर्टात ते पुरावा म्हणून वापरायचं नाही. ही ओळ नसेल तर दोन्हीकडचे वकील आपापल्या लोकांना सही करू देणार नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतंय असंही नाही.