कार्टून भारी आलंय, पण सोबत काय काय गेलं?

कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नजर टाका. निम्म्या डीपी कार्टून झालेल्या दिसतील. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये नवी चित्र-सुविधा आणली आणि जपानच्या स्टुडिओ जिब्लीच्या चित्रपटांसारखे चेहरे करून घ्यायची लाट आली. गर्दी इतकी झाली की कंपनीला चित्रांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. ऑगस्टअखेर गुगलचं ‘नॅनो बनाना’ आलं, मग थ्रीडी बाहुल्या आणि जुन्या सिनेमातल्या साड्या सुरू झाल्या. परभणी असो की पुणे, सेलू असो की सोलापूर, एकाने टाकला की दुसऱ्याला राहवत नाही.

लाटेपाठोपाठ इशारेही आले. जिब्लीच्या वेळी गोवा पोलिसांनी सांगितलं, की गंमत करा, पण प्रत्येक अ‍ॅप तुमची खासगी माहिती जपेलच असं नाही. नॅनो बनानाच्या वेळी तेलंगणचे आयपीएस अधिकारी व्ही. सी. सज्जनार यांनी बनावट वेबसाइट आणि अनधिकृत अ‍ॅपवर फोटो टाकू नका, असं बजावलं. हे इशारे आपण वाचतो, ‘हो, बरोबर आहे’ म्हणतो आणि फोटो टाकतो. कारण नेमकं काय टाळायचं, ते कळलेलं नसतं.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. कार्टून डीपीमुळे तुमचा चेहरा लोकांपासून झाकला जातो, अ‍ॅपपासून नाही. अ‍ॅपला तर खरा फोटो, तोही स्वच्छ उजेडातला, तुम्ही स्वतः नेऊन दिलेला असतो. मग लगेच बँक खातं रिकामं होतं का? नाही. नुसत्या सेल्फीवर सहसा असं होत नाही. बँकेच्या व्हिडिओ केवायसीत समोर जिवंत माणूस आहे का, हेही तपासतात. खरा धोका चेहरा आणि बाकीची माहिती एका जागी जमण्यात आहे. चेहरा, पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि कॉलेज या पाच गोष्टी एकत्र आल्या, की त्यातून दुसरा ‘तुम्ही’ उभा करता येतो. आणि या पाचही गोष्टी बऱ्याचदा एकाच फोटोत असतात.

एक फोटो घेऊन बघू. समजा, गॅदरिंगचा दिवस आहे. नवा शर्ट घालून तुम्ही कॉलेजच्या गेटसमोर उभे आहात. गळ्यात आय-कार्ड, बाजूला गाडी, मागे कॉलेजची पाटी. सेल्फी झकास आलाय आणि तुम्ही तो तसाच एका अ‍ॅपवर टाकता. त्यातून काय गेलं? फोटो मोठा करा. आजच्या कॅमेऱ्यात आय-कार्डवरची बारीक अक्षरंही वाचता येतात. पूर्ण नाव, पीआरएन, जन्मतारीख, रक्तगट. काही कार्डांवर घरचा पत्ता आणि वडिलांचा मोबाइल नंबरही असतो. गाडीच्या पाटीवर एमएच २२ आणि पुढचा पूर्ण क्रमांक आहे. मागच्या पाटीवरून कॉलेज कळलं.

हे झालं दिसणारं. न दिसणारंही असतं. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल, तर फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात. परभणी शहर साधारण १९.२७ उत्तर आणि ७६.७७ पूर्व इथे येतं. दशांश चिन्हानंतर दोनच आकडे असले, तर एखाद-दीड किलोमीटरचा परिसर कळतो. चार आकडे असले, तर फरक अकरा मीटरच्या आसपास येतो, म्हणजे घर कोणतं तेही कळतं. फोन त्याहून जास्त आकडे लिहितो. गेटसमोरच्या फोटोत यात नवं काही नाही. पण तोच सेल्फी रूमवर बसून काढला असेल, तर तुम्ही राहता कुठे, हे त्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे.

उरलंसुरलं आपण टाइप करून देतो. ‘माझं कार्टून कर, टी-शर्टवर माझं नाव आणि वाढदिवसाची तारीख टाक, मागे कॉलेजचं नाव लिही.’ चित्राला यातल्या एकाचीही गरज नाही. पण चेहऱ्याशेजारी नाव, तारीख आणि कॉलेज आता व्यवस्थित लिहून ठेवलं गेलं. वर लॉगिन मोबाइल नंबरने केलं असेल, तर पाच गोष्टी पूर्ण झाल्या.

अशी माहिती चुकीच्या हातात गेली की फोन कसा येतो, ऐका. ‘मी स्कॉलरशिप विभागातून बोलतोय. तुझा पीआरएन अमुक, जन्मतारीख तमुक, बरोबर ना? तुझा हप्ता अडकलाय, आता आलेला ओटीपी सांग.’ एवढं सगळं खरं सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. किंवा तुमचाच फोटो डीपीला लावून नव्या नंबरवरून वडिलांना मेसेज जातो, ‘पप्पा, फोन फुटलाय, मित्राच्या नंबरवर दोन हजार टाका.’

मग कार्टून करायचंच नाही का? करा की. पण फोटो त्यासाठीच वेगळा काढा. साधी भिंत, छातीपासून वरचा भाग, गळ्यात कार्ड नाही, मागे पाटी नाही, शेजारी मित्र नाही. मित्राचा किंवा घरातल्या लहानग्याचा चेहरा त्याला न विचारता देण्याचा हक्क आपल्याला नाही. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. जुनाच फोटो वापरायचा असेल, तर गॅलरीत तो उघडून ‘डिटेल्स’ बघा. तिथे नकाशा किंवा ठिकाण दिसलं, तर लोकेशन आत आहे. नुसतं क्रॉप करून ते जातंच असं नाही. सोपी युक्ती म्हणजे चेहऱ्यापुरता भाग मोठा करून स्क्रीनशॉट घ्या आणि तो वापरा. मूळ फोटोचं लोकेशन स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. आय-कार्ड झाकायचंच असेल, तर फोनमधलं हायलायटर वापरू नका. त्याचा रंग अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालची अक्षरं पुन्हा दिसू शकतात. त्यापेक्षा तो भाग कापूनच टाका.

आता अ‍ॅप कोणतं? सगळ्यात कमी माहिती द्यायची असेल, तर सेल्फी न देताच कार्टून करता येतं. स्नॅपचॅटचा बिटमोजी केस, डोळे, चष्मा, कपडे एकेक निवडून बनवता येतो. आयफोनवरचं मेमोजीही तसंच. हुबेहूब तुमच्यासारखं येणार नाही, ही त्याची मर्यादा. पण ‘हा आपला अमक्या’ एवढं मित्रांना कळायला ते पुरतं.

हुबेहूबच हवं असेल, तर फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जाणार हे धरून चाला. चॅटजीपीटी वापरत असाल, तर आधी Settings मध्ये Data controls उघडून Improve the model for everyone बंद करा. मग तुमच्या गप्पा आणि फोटो मॉडेल शिकवायला वापरले जाणार नाहीत. जेमिनीत टेम्पररी चॅट उघडून काम करा. ते बंद असताना माणसाने तपासायला घेतलेलं संभाषण गुगलकडे तीन वर्षांपर्यंत राहू शकतं. चित्र सेव्ह झालं की ते चॅट डिलीट करा. इथे बरेच जण फसतात ते असं: अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणजे फोटोही गेला, असं त्यांना वाटतं. अन्‌इन्स्टॉल केल्याने तुमच्या फोनमधलं अ‍ॅप जातं, सर्व्हरवरचा फोटो नाही. आधी अ‍ॅपमधून अकाउंट आणि डेटा डिलीट करा, मग अ‍ॅप काढा.

अनोळखी अ‍ॅप असेल, तर ते काय काय मागतं त्यावरून त्याची नियत कळते. कार्टून बनवायला एक फोटो लागतो. कॉन्टॅक्ट, एसएमएस, माइक यातलं काही लागत नाही. गॅलरी मागितली, तर सगळे फोटो देऊ नका. अँड्रॉइड १४ पासून Allow limited access हा पर्याय येतो. त्यात निवडलेलाच फोटो अ‍ॅपला दिसतो. नाहीतर त्याच गॅलरीत तुमच्या आधारचा, पासबुकचा आणि हॉल तिकिटाचा फोटोही असतो! आणि ग्रुपवर कुणी ‘फ्री कार्टून मेकर’ म्हणून एपीके फाइल पाठवली, तर ती कुणाकडूनही आलेली असो, उघडू नका. लग्नपत्रिका आणि ई-चलनाच्या नावाने आलेल्या अशाच फाइलींनी लोकांचे ओटीपी वाचून खाती साफ केली आहेत.

कायद्याचं काय? डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तुमची माहिती खोडून टाका, असं कंपनीला सांगण्याचा हक्क त्यात आहे. पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. शिवाय परदेशात बसलेल्या, नाव-गाव नसलेल्या अ‍ॅपवाल्याला पकडणार कोण? म्हणून आधी न देणं हाच आजघडीला मोठा बचाव आहे.

शेवटी, कार्टून डीपी लावल्यावर घरच्यांना एक गोष्ट सांगून ठेवा. कार्टूनही कुणी डाउनलोड करून नव्या नंबरला लावू शकतं, आणि खऱ्या फोटोपेक्षा कार्टून बघून माणूस ओळखणं आईवडिलांना अवघड जातं. तेव्हा पैशाचा मेसेज आला, की डीपी बघून नाही, जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकूनच पैसे टाकायचे. फसवणूक झालीच, तर लाजेखातर दोन दिवस गप्प बसू नका. १९३० वर लगेच फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

आता गॅलरी उघडा आणि कार्टूनसाठी शेवटचा टाकलेला फोटो मोठा करून बघा. गळ्यात काय आहे? मागे काय लिहिलंय? तुम्हाला वाचता येत असेल, तर दुसऱ्यालाही येतं.