लांब टप्पा कोणाला? आडनाव बघून नव्हे, घड्याळ बघून

गेल्या हिवाळ्यात वस्तीतली एक ताई संध्याकाळी आमच्याकडे एक कागद घेऊन आली. ती एका कार्यालयात कंत्राटी सफाई कामगार आहे. कार्यालयाने मॅरेथॉन रिलेसाठी सहा जणांचा संघ केला होता आणि तिचं नाव १० किलोमीटरच्या टप्प्यापुढे लिहिलं होतं. "सिस्टर, एवढं पळणं मला झेपेल का?" एवढंच तिला विचारायचं होतं.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. रिलेत ते अंतर संघ वाटून घेतो. जपानात या शर्यतीला एकिदेन म्हणतात आणि तिथे कंपन्यांचे संघही पळतात. सहा टप्प्यांची रूढ वाटणी अशी आहे: ५, १०, ५, १०, ५ आणि शेवटी ७.१९५ किलोमीटर. या कार्यालयाच्या शर्यतीतही तीच होती. म्हणजे प्रश्न एकच उरतो, दहाचे दोन टप्पे कोणाला?

कागदावर ते दोन्ही टप्पे दोन सफाई कामगारांना होते. एक ही ताई, वय ३४, आणि दुसरे पंचेचाळिशीचे दादा. कारण विचारलं तर उत्तर आलं, "त्यांना कष्टाची सवय आहे." शेवटचा टप्पा साहेबांना, कारण शेवटच्या रेषेवर फोटो निघतात. पंचविशीतला कारकून आणि ड्रायव्हर हे दोघे पाच-पाच किलोमीटरवर. जात म्हणजे कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांची विभागणी, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. ती विभागणी खेळाच्या कागदावरही उतरते, हे त्या दिवशी दिसलं.

आम्ही भांडायला गेलो नाही. एकच मागणी केली: रविवारी सकाळी सगळ्यांना मैदानावर ५ किलोमीटर पळवा आणि दर किलोमीटरची वेळ लिहा. साहेब तयार झाले, हे त्यांचं मोठेपण.

वेळा आल्या त्या अशा. कारकून २५ मिनिटं, ड्रायव्हर २८, कार्यालयातली एक कारकून मुलगी ३०, आपली ताई ३१, सफाईचे दादा ३३, साहेब ३६. ज्यांना "सवय आहे" म्हणून लांब टप्पे दिले होते, ते चौथे आणि पाचवे आले. यात नवल नाही. झाडू मारताना कंबर आणि खांदे राबतात, पण सलग तासभर दम टिकवायचा सराव त्यातून होत नाही. वर दादांच्या छातीत वर्षानुवर्षांची धूळ आहे.

नुसत्या एकूण वेळेवरही जाऊ नका. त्या मुलीचा पहिला किलोमीटर ५ मिनिटांत झाला आणि शेवटचा ७ मिनिटांत. ताईचे पाचही किलोमीटर सव्वासहा मिनिटांच्या आसपास, एकसारखे. जिची चाल अशी ढासळते तिला लांब टप्पा देऊ नये, मग एकूण वेळ चांगली का असेना. कधी ही सुरुवातीची घाई असते, कधी दुखणं. आम्ही मुलीच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून पाहिल्या, तर फिकट. जिना चढताना धाप लागते, असं तिनेच सांगितलं. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ९ निघालं. बाईला ते किमान १२ हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि पळणं थांबवलं. तिच्या जागी कँटीनचा मुलगा आला, त्याची वेळ ३२ मिनिटं. संघ सहाचा असला तरी सातवा माणूस तयार लागतो, तो यासाठी.

आता वेळेचा हिशेब. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून थोडी जास्त लागते, कारण माणूस थकतो. ५ किलोमीटरची वेळ दुप्पट करा आणि त्यात शेकडा चार मिळवा, म्हणजे १० किलोमीटरची अंदाजी वेळ मिळते. कारकुनाची ५२ मिनिटं, ड्रायव्हरची ५८. ७.१९५ साठी ५ किलोमीटरच्या वेळेची दीडपट धरा, किंचित कमी. ताईची ४६ मिनिटं. हा हिशेब सराव केलेल्यालाच लागू पडतो. जो कधी पाचाच्या पुढे गेलेला नाही, त्याने आधीच्या आठवड्यांत निदान ८ किलोमीटर एकदा तरी सावकाश पळून बघावं.

पहिल्या कागदाप्रमाणे पळाले असते तर सहा जणांची बेरीज २७२ मिनिटं होत होती. वेळ बघून वाटणी केली तर २५७. पंधरा मिनिटं वाचली, आणि ती कोणाला जास्त राबवून नव्हे. हा आकडा दाखवल्यावर कोणी वाद घातला नाही.

बदलीला एक-एक मिनिट धरून वेळापत्रक असं झालं:

१. साहेब, ५ किमी: ५.३० ते ६.०६
२. कारकून, १० किमी: ६.०७ ते ६.५९
३. सफाईचे दादा, ५ किमी: ७.०० ते ७.३३
४. ड्रायव्हर, १० किमी: ७.३४ ते ८.३२
५. कँटीनचा मुलगा, ५ किमी: ८.३३ ते ९.०५
६. ताई, ७.१९५ किमी: ९.०६ ते ९.५२

साहेब पहिले, कारण त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि पहाटे ऊन नसतं. डॉक्टरांना विचारूनच ते उतरले, गोळी चुकवली नाही. दादांचा टप्पाही त्याच कारणाने लवकर ठेवला. उन्हातला टप्पा ताईच्या वाट्याला आला, हे आम्हालाही खटकलं. पण अंतरांचा क्रम नियमाने ठरलेला होता, आणि सव्वासात किलोमीटर एकसारख्या चालीने नेणारी तीच होती. उन्हात अंदाजापेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागतील, तेवढी लागू द्यायची, हे तिला आधीच सांगून ठेवलं.

असं वेळापत्रक फक्त निकालासाठी नसतं. कोणी कधी खायचं हेही त्यावरूनच ठरतं. पहिल्या कागदात सगळ्यांना पहाटे ५ ला हजर राहायला सांगितलं होतं. म्हणजे ताईने चार तास थंडीत उपाशी उभं राहून मग उन्हात पळायचं. नव्या कागदावर तिने ७ वाजता पोहे आणि केळं खायचं आणि साडेआठला जागेवर यायचं, असं लिहिलं. पुढचा गडी अंदाजापेक्षा पाच मिनिटं आधी आला तरी घेणारा जागेवर हवा, म्हणून अर्धा तास आधी पोचावं. त्याहून आधी नको.

आणि एक ओळ आम्ही हट्टाने लिहून घेतली: शर्यतीच्या आदल्या रात्री ताई आणि दादांना रात्रपाळी नाही, आणि त्या रात्रीची मजुरी कापायची नाही. कायम नोकरीवाला रजा टाकून झोपतो. कंत्राटी कामगाराने सुटी घेतली की रोजी जाते. जागरण करून आलेल्या माणसाच्या अंदाजी वेळेला काही अर्थ नाही, आणि त्याने जोर लावून पळणं धोक्याचंच. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचं, संघ बाद झाला तरी चालेल, हेही त्याच कागदावर लिहिलं.

तुमच्या घरातल्या कोणाचं नाव अशा यादीत आलं, तर नाही म्हणू नका आणि मुकाट हो पण म्हणू नका. आधी विचारा: माझी ५ किलोमीटरची वेळ कोणी मोजली? आदल्या रात्री मला झोप मिळणार का? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळाली, तर खुशाल पळा.

जय भीम.