पहिली मागणी लहान असावी

नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी मोठी उधारी कोणतीही पेढी देत नाही. प्रथम थोडा माल दिला जातो, रक्कम वेळेवर येते का हे पाहिले जाते आणि मग खाते वाढत जाते. अनुभवी माणसाकडे मार्गदर्शन मागतानाही हाच न्याय लागू पडतो. तेथे उधार मागितला जातो तो त्यांचा वेळ.

सांगलीच्या बाजारात हळदीची अडत असलेल्या घरातील एका तरुणाचे उदाहरण घेता येईल. पेढीने आजवर माल देशातच विकला आहे. आता परदेशातील एका खरेदीदाराने वीस फुटी एका कंटेनरची मागणी केली असून, पैसे साठ दिवसांनी देण्याची अट घातली आहे. समाजातील एक ज्येष्ठ गृहस्थ बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालेले आहेत. मंदिरातील कार्यक्रमात त्यांच्याशी दोन शब्द बोलणे झाले आहे, एवढीच ओळख.

अशा वेळी बहुतेक तरुण लिहितात, ‘काका, निर्यातीत उतरायचे आहे, आपले मार्गदर्शन हवे, कधी भेटू?’ या संदेशात आदर आहे, परंतु नेमके काय हवे ते नाही. काम दहा मिनिटांचे आहे की वर्षभराचे, हे वाचणाऱ्याला उमगत नाही. म्हणून ‘अवश्य, कधीतरी भेटू’ असे उत्तर येते. तो सौजन्याने दिलेला नकार असतो.

तोच तरुण असेही लिहू शकतो: ‘जय जिनेंद्र काका. आमची हळदीची अडत आहे. निर्यातीची पहिलीच मागणी आली आहे, एक कंटेनर. खरेदीदार साठ दिवसांच्या मुदती हुंडीवर माल मागतो. तीस टक्के आगाऊ आणि उरलेली रक्कम दर्शनी हुंडीवर, असे सुचवावे असा माझा विचार आहे. नव्या खरेदीदारासाठी हे पुरेसे सुरक्षित आहे का? एका ओळीत उत्तर दिलेत तरी चालेल.’

येथे प्रश्न एकच आहे आणि तो विचारण्यापूर्वी अभ्यास झाला आहे. मुदती हुंडीत खरेदीदाराने हुंडी स्वीकारताच बँक त्याला मालाची कागदपत्रे देते. माल त्याच्या हाती जातो, पैसे मात्र नंतर यायचे असतात. दर्शनी हुंडीत रक्कम भरल्याशिवाय कागदपत्रे मिळत नाहीत. एवढे पुस्तकातून किंवा बँकेतून कळते, म्हणून ते ज्येष्ठांना विचारायचे नसते. पुस्तकात न सापडणारा निर्णय तेवढा विचारायचा.

त्यावर काकांचे उत्तर येऊ शकते: ‘मुदत देऊ नकोस. दर्शनी हुंडीतही त्याने माल सोडवलाच नाही, तर तो परक्या बंदरात पडून राहील आणि रोजचा खर्च तुझ्या माथी बसेल. आगाऊ रक्कम हा जाण्यायेण्याचा खर्च भरून काढेल एवढी आहे का, ते मोजून पाहा. ईसीजीसीच्या विम्याचीही चौकशी कर.’ चार वाक्यांत चाळीस वर्षांचा अनुभव उतरतो, कारण प्रश्नाला ठराविक आकार होता.

खरी कसोटी यानंतर लागते. उत्तर घेऊन गप्प बसणारा तरुण म्हणजे माल नेऊन न फिरकलेले गिऱ्हाईक. पंधरवड्यात त्याने कळवावे: ‘आपण सांगितल्याप्रमाणे खर्च मोजला, तीस टक्के अपुरे ठरत होते. चाळीस मागितले, खरेदीदाराने पस्तीस मान्य केले. विम्याचा अर्ज दिला आहे.’ उधारीची ही पहिली फेड होय. आपले शब्द कामी आले हे कळल्यावर ज्येष्ठ स्वतःहून पुढचा प्रश्न विचारतात, ‘कागदपत्रे कोण तयार करतो आहे?’ असा उलट प्रश्न आला, की खाते उघडले असे समजावे. अर्ध्या तासाची भेट मागण्याची वेळ तेव्हा येते, आधी नव्हे. ‘आपण माझे मार्गदर्शक व्हा’ हे शब्द तर उच्चारावेही लागत नाहीत.

उत्तर आले नाही, तर आठ-दहा दिवसांनी एकदा नम्र स्मरण द्यावे आणि तेथेच थांबावे. पर्युषण किंवा दशलक्षणाच्या दिवसांत लिहिले असेल, तर पर्व संपेपर्यंत वाट पाहावी. वडिलांकडून किंवा विश्वस्तांकडून दडपण आणू नये. संकोचाने मिळालेले उत्तर पुन्हा मिळत नाही.

या मार्गालाही मर्यादा आहे. संपूर्ण करारनामा तपासणे किंवा अडकलेली रक्कम सोडवणे हे लहान काम नव्हे. ते सल्लागाराकडे शुल्क देऊन करून घ्यावे. ओळखीच्या नावाखाली ते ज्येष्ठांवर टाकले, तर वाढत आलेले खाते त्याच दिवशी बंद होते.