दुसऱ्या तिमाहीतील वजनाचा व्यायाम : कोणता आणि किती?

गर्भावस्थेच्या 14व्या ते 27व्या आठवड्यांत बहुतेक स्त्रियांची मळमळ ओसरते आणि अंगात उत्साह येतो. पूर्वीपासून वजने उचलणारी स्त्री मग सहजच जुन्या व्यायामाकडे वळते. डॉक्टरांनी परवानगी दिली असल्यास वळावेही; परंतु शरीर आता पूर्वीचे राहिलेले नसते.

समजा, अशी एक निरोगी स्त्री 22व्या आठवड्यात आहे. पूर्वी ती बाकावर उताणी निजून वजन वर ढकलत असे, खांद्यावर 30 किलोचा बार घेऊन बैठका मारीत असे आणि शेवटी पोटाच्या उठाबशा काढीत असे. या तिन्ही प्रकारांत बदल हवा.

उताणे निजल्यावर वाढलेले गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देते. त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते व चक्कर येते. म्हणून बाकाची पाठ 45 अंशांत उभी करून दोन्ही हातांत हलके डंबेल घ्यावेत. निजलेले असताना गरगरले, तर लगेच डाव्या कुशीवर वळावे.

पोट पुढे आल्याने तोल बदलतो. तेव्हा खांद्यावरच्या बारऐवजी 8 ते 10 किलोचे एकच डंबेल छातीशी धरावे आणि मागे खुर्ची ठेवून तिच्यावर हळूच बसून उठावे. पोटाच्या उठाबशा सोडून द्याव्यात. त्यांऐवजी गुडघे व तळहात टेकून, एका वेळी उजवा हात व डावा पाय लांबवावा. मग बाजू बदलावी.

श्रमांची मर्यादा नाडीवरून ठरवू नये. कारण या अवस्थेत विश्रांतीतही नाडी मिनिटाला 10 ते 20 ठोक्यांनी वाढलेली असते. बोलणे ही अधिक विश्वासार्ह कसोटी आहे. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वजन असे निवडावे की 12 वेळा उचलल्यावरही आणखी तीन-चार वेळा उचलता येईल, असे वाटावे. अशा दोन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे विसावा आणि आठवड्यातून दोन दिवस, एवढे तिला पुरे.

वजन उचलताना श्वास सोडावा. तो कोंडला की पोटातील व ओटीपोटाच्या तळावरील दाब वाढतो. समजा, आठव्या वेळी तिचा श्वास अडला किंवा पोटाच्या मध्यरेषेवर उभा उंचवटा दिसू लागला, तर वजन अधिक झाले आहे. त्या दिवशी 10 किलोंचे 6 करावेत. मध्यरेषेवर उंचवटा न येता 12 वेळा सुखाने झाले, तर तेच तिचे योग्य वजन होय.

रक्तस्राव, पाणी जाणे, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी किंवा एका पोटरीला सूज व वेदना, यांपैकी काहीही जाणवल्यास व्यायाम तत्क्षणी थांबवून डॉक्टरांना गाठावे. वार खाली असणे, गर्भाशयाचे मुख सैल असणे किंवा गर्भावस्थेत वाढलेला रक्तदाब असल्यास हा क्रम स्वतः सुरूच करू नये.