नोकरी सोडताय? आधी फॉर्म 16 आणि सॅलरी स्लिप शेजारी-शेजारी ठेवा

नोकरी सोडून धंद्यात उतरणारे बरेच जण मला भांडवलाबद्दल विचारतात. मुद्रा लोन, सबसिडी, पार्टनर, सगळं विचारून होतं. पण स्वतःच्या पगारातून कापलेला टॅक्स कुठे पोचला, हे विचारणारा क्वचितच भेटतो. माझं मत स्पष्ट आहे: वर्षाच्या मध्यात राजीनामा देणाऱ्याने फॉर्म 16 सीएच्या हातात देण्याआधी एक संध्याकाळ बसून तो स्वतः सॅलरी स्लिपशी जुळवावा. हे काम सीएचं नाही. तुमच्या स्लिपा त्याच्याकडे नसतात, तो समोर दिसेल तो आकडा रिटर्नमध्ये घालतो.

आता उदाहरण बघू. समजा तुमचा पगार महिना 85,000, नवी कररचना, वर्ष 2024-25. एप्रिलमध्ये कंपनी असं धरून चालते की हा माणूस बारा महिने इथेच आहे. म्हणजे वर्षाचे 10,20,000. त्यावर वर्षाचा टॅक्स काढायचा आणि बाराने भागून दर महिन्याला कापायचा. त्या वेळच्या स्लॅबप्रमाणे ते महिन्याला 4,810 रुपये येतात. मग 23 जुलै 2024 च्या बजेटमध्ये स्लॅब बदलले आणि स्टँडर्ड डिडक्शन 50,000 वरून 75,000 झालं. वर्षाचा टॅक्स 46,280 वर आला. चार महिन्यांत 19,240 कापून झाले होते, उरलेले 27,040 आठ महिन्यांत वाटले की ऑगस्टपासून 3,380. म्हणजे स्लिपवरचा आकडा मध्येच बदलला म्हणून लगेच घाबरू नका. आधी विचारा, त्या महिन्यात काय बदललं? बजेट, बोनस, की गुंतवणुकीचे पुरावे द्यायचे राहिले?

तुम्ही 30 सप्टेंबरला नोकरी सोडली. तोपर्यंत किती कापले? चार वेळा 4,810 आणि दोनदा 3,380, म्हणजे बरोबर 26,000. आणि तुमची पगाराची कमाई झाली फक्त 5,10,000. त्यातून 75,000 वजा केले की उरतात 4,35,000. त्या वर्षी नव्या कररचनेत सात लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेट मिळून टॅक्स शून्य होत होता. पुढच्या सहा महिन्यांत धंद्यातून दोन लाख नफा झाला तरी बेरीज 6,35,000, टॅक्स शून्यच. म्हणजे हे 26,000 सगळेच्या सगळे तुमचे. एखादं सेकंडहँड शिलाई मशीन किंवा छोटी मसाला गिरणी घेताना हा आकडा छोटा नसतो! (2025-26 पासून स्लॅब पुन्हा बदलले आहेत, त्यामुळे आकडे वेगळे येतील. पद्धत हीच.)

पण रिफंड तुमच्या स्लिपवरून मिळत नाही. आयकर खातं बघतं की कंपनीने तुमच्या पॅनवर किती टॅक्स दाखवला. म्हणून ताळा करायचा.

ताळा कसा करायचा? फॉर्म 16 चे दोन भाग असतात. पार्ट बी म्हणजे पगार आणि टॅक्सचा हिशोब. पार्ट ए म्हणजे खरोखर किती कापलं आणि सरकारकडे किती भरलं. आपल्याला आधी पार्ट ए हवा. त्यात आकडे तिमाहीप्रमाणे असतात, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. ते फक्त वर्षाची बेरीज बघतात, फरक दिसला तर तो कुठून आला ते कळत नाही. स्लिपसुद्धा तीन-तीनच्या गठ्ठ्यात मांडा. एप्रिल ते जून 14,430. जुलै ते सप्टेंबर 4,810 अधिक 3,380 अधिक 3,380, म्हणजे 11,570.

समजा पार्ट ए मध्ये पहिली तिमाही 14,430 जुळली, पण दुसरीत 8,190 च दिसतात. फरक 3,380. हा नेमका एका महिन्याचा आकडा आहे, म्हणजे सप्टेंबर गायब आहे. लगेच भांडायला जाऊ नका. आधी तिसरी तिमाही बघा. राजीनामा दिलेल्याचा शेवटचा पगार कंपन्या अनेकदा अडवून ठेवतात आणि फुल अँड फायनलसोबत नोव्हेंबरमध्ये वगैरे देतात. पगारावरचा टॅक्स पैसे देताना कापायचा असतो, त्यामुळे ती नोंद पुढच्या तिमाहीत सरकते. तिथे 3,380 सापडले तर विषय संपला. तिथेही नसतील तर खरी अडचण आहे.

आणखी एक गंमत. फरक जर बाराही महिन्यांच्या बेरजेत बरोबर 2,500 आला, तर तुम्ही प्रोफेशनल टॅक्स चुकून मिळवला आहे. महाराष्ट्रात तो महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापतात. तो राज्य सरकारचा, फॉर्म 16 च्या पार्ट ए शी त्याचा संबंध नाही. आपल्या उदाहरणात सहा महिन्यांचे 1,200 होतील.

पार्ट ए मध्येच खाली चलनांची यादी असते. कोणत्या तारखेला किती भरले, आणि शेजारी F असं अक्षर. F म्हणजे सरकारी नोंदीशी चलन जुळलं. गायब महिन्याची ओळ तिथे शोधा. ओळच नसेल तर कंपनीने एकतर पैसे भरले नाहीत, किंवा भरले पण तिमाही विवरणात तुमचं नाव किंवा पॅन चुकवलं. दुसरा प्रकार दुरुस्ती विवरण भरून सुटतो, आणि ते कंपनीच भरू शकते, तुम्ही नाही.

म्हणूनच घाईचा मुद्दा येतो. फॉर्म 16 द्यायची मुदत पुढच्या वर्षीचा 15 जून. सप्टेंबरमध्ये गेलेला माणूस तोपर्यंत कंपनीला परका झालेला असतो, एचआरमधली ओळखीची व्यक्तीही बदललेली असते. पण जुलै-सप्टेंबरचं विवरण कंपनीला 31 ऑक्टोबरपर्यंत भरावं लागतं. त्यानंतर काही दिवसांत तीच नोंद तुमच्या फॉर्म 26एएस मध्ये दिसते, तुम्ही आयकर पोर्टलवर लॉगिन करून स्वतः बघू शकता. तेव्हा नोव्हेंबरमध्येच बघा. आणि राजीनामा देण्याआधी सगळ्या स्लिपा डाउनलोड करून ठेवा, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचं लॉगिन बंद होतं. नोटीस पिरियड चालू असताना पेरोलला एक मेलही करा, की मी सप्टेंबरनंतर नाही, टॅक्स त्याप्रमाणे धरा. कायद्याने कंपनीला उरलेल्या महिन्यांत कपात कमी करता येते. आधीच भरलेला टॅक्स मात्र साधारणपणे रिटर्न भरूनच परत मिळतो.

आणि कंपनीने पैसे कापले पण भरलेच नाहीत तर? आयकर कायद्याचं कलम 205 सांगतं की तुमच्या पगारातून कापलेला टॅक्स खातं पुन्हा तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. 2015 मध्ये सीबीडीटीने अधिकाऱ्यांना तशी सूचनाही दिली होती. पण हे संरक्षण मागणीपासून आहे. रिफंड मात्र नोंद नसेल तर अडकून पडतो, आणि कापल्याचा तुमच्याकडचा पुरावा म्हणजे त्या सहा स्लिपा आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट. कंपनीला मेल करताना तेच जोडा, आणि विषयात महिना, रक्कम आणि तिमाही लिहा: सप्टेंबर 2024, 3,380 रुपये, दुसरी तिमाही, दुरुस्ती विवरणाची विनंती. "माझा फॉर्म 16 चुकलाय" एवढंच लिहिलेला मेल पेरोलवाले बाजूला ठेवतात.