‘म्हणून’चे चार गुण

गेल्या आठवड्यात ३७ गृहपाठ तपासले. त्यातल्या २१ जणांना एकाच प्रश्नात १० पैकी ६ गुण दिले आणि तेव्हापासून माझ्या टेबलापाशी रांग लागली आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच, “उत्तर तर बरोबर आहे, मग चार गुण कशाचे कापले?” टीचिंग असिस्टंट म्हणजे पोरांच्या रागाचा पहिला थांबा! शेवटी सगळ्यांना मिळून एक पत्र लिहिलं. ‘तू तिथे नक्की करतोस तरी काय?’ असं घरचे नेहमी विचारतात, म्हणून ते इथेही टाकतोय.

मित्रांनो,

डाइक्स्ट्राची रीत तुम्हाला येते, याबद्दल माझी तक्रार नाही. गावं आणि त्यांना जोडणारे रस्ते आहेत, प्रत्येक रस्त्याला एक आकडा आहे. सुरुवातीच्या गावापासून आतापर्यंत सापडलेलं अंतर प्रत्येक गावापुढे लिहायचं, त्यातलं सगळ्यात कमी अंतराचं गाव ‘पक्कं’ करायचं, तिथून निघणारे रस्ते तपासून पुढच्या गावांची अंतरं सुधारायची आणि पुन्हा तेच. प्रश्न होता की पक्क्या केलेल्या गावाचं अंतर खरोखरच सर्वांत कमी असतं, हे सिद्ध करा.

तुम्ही लिहिलंत: “हे गाव सर्वांत जवळचं आहे. दुसरी कुठलीही वाट दुसऱ्या एखाद्या कच्च्या गावातून येईल. त्या गावापर्यंतच अंतर आधी जास्त किंवा तेवढंच आहे, म्हणून ती वाट कमी लांबीची असू शकत नाही.”

वाचायला छान वाटतं. पण आता तीन गावं घ्या. क पासून ख ला जाणारा रस्ता २ चा, क पासून ग ला ५ चा आणि ग पासून ख ला उणे ४ चा. सगळे रस्ते एकदिशा. क पासून सुरुवात केली की ख पुढे २ आणि ग पुढे ५ येतात. २ लहान, म्हणून ख पक्कं. पण ग मार्गे गेलो तर ५ उणे ४, म्हणजे १! रीत चुकली. आता तुमची सिद्धता या गावांवर पुन्हा वाचा. ती कुठेही अडखळत नाही. चुकलेलं उत्तरही ती तितक्याच आत्मविश्वासाने सिद्ध करते.

“पण प्रश्नात सगळे आकडे शून्य किंवा जास्तच होते ना?” होते. पण तुमच्या सिद्धतेत ती अट एकदाही वापरलेली नाही. अट काढून टाकली तरी सिद्धता जशीच्या तशी उभी राहते, आणि अट काढल्यावर विधान तर खोटं ठरतं. तेव्हा फट असणारच. ती आहे त्या शेवटच्या ‘म्हणून’मध्ये. वाट अर्ध्यावर लांब आहे एवढंच तुम्ही दाखवलंत. पुढे ती कमी होणार नाही, हे कोण सांगणार?

दुरुस्ती फार मोठी नाही. दुसरी वाट कुठलीही घ्या. ती पक्क्या गावातून सुरू होते आणि कच्च्या गावात संपते, तेव्हा कुठेतरी पहिल्यांदा बाहेर पडते. समजा, पक्क्या य मधून कच्च्या र मध्ये. य चं अंतर बरोबर आहे, कारण आधीच्या सर्व फेऱ्यांसाठी विधान सिद्ध झालेलं आहे. य पक्कं करताना य ते र हा रस्ता तपासला होता, म्हणून र पुढचा आकडा या वाटेच्या र पर्यंतच्या लांबीपेक्षा मोठा नाही. आपण निवडलेल्या गावाचा आकडा र च्या आकड्यापेक्षा मोठा नाही, कारण निवडच तशी केली. आणि र पासून पुढची उरलेली वाट शून्याहून कमी नाही, कारण एकही रस्ता उणे नाही. हे शेवटचं वाक्य म्हणजे तुमचे चार गुण.

डाइक्स्ट्रांनी ही रीत १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये छापली. नकाशावरचं अंतर उणे नसतंच, त्यामुळे ही अट डोळ्यांवरून सहज निसटते. पण आकडा अंतराऐवजी विजेच्या गाडीच्या बॅटरीचा खर्च असेल तर? घाट उतरताना बॅटरी थोडी भरते, म्हणजे त्या रस्त्याचा खर्च उणे. तिथे बेलमन-फोर्डची रीत लागते. कुठली रीत कुठे चालणार नाही, हे सिद्धतेनेच सांगायला हवं. तुमची सांगत नाही, म्हणून ती अपुरी आहे.

पुढच्या वेळी सिद्धता संपली की दिलेल्या प्रत्येक अटीवर बोट ठेवा आणि ती कुठल्या ओळीत वापरली ते शोधा. ओळ सापडली नाही तर मी यायच्या आधी तुम्हीच लाल पेन काढा.

गुण वाढणार नाहीत. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून आणाल त्यांची सिद्धता मात्र मी पुन्हा वाचेन.

तुमचा टीए

असो. पत्र वाटल्यावर रांग कमी झाली. काल एकजण मात्र आला आणि म्हणाला, “सगळे रस्ते शून्याचे असले तर?” चालतं, त्याला म्हटलं, आणि का ते तूच सांग. जरा वेळाने त्याने बरोबर त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.